मिक्सिंगमध्ये एपीटीटी दुरुस्त झाला, तरी इनहिबिटर असू शकतो का?

निळी_टोपी

कोॲग्युलेशनच्या जाणकारांना एक केस विचारायची आहे. आकडे सगळे देतो, मग तुम्हीच सांगा कुठे चुकतंय.

६८ वर्षांचे गृहस्थ. तीन आठवड्यांपासून दोन्ही हातांवर आणि मांडीवर तळहाताएवढे काळेनिळे डाग. मार लागलेला नाही, याआधी कधी रक्तस्रावाचा त्रास नाही, घरात कोणाला नाही. प्लेटलेट २.४ लाख. पीटी १२.६ सेकंद, म्हणजे नॉर्मल. एपीटीटी ७८ सेकंद (आमची नॉर्मल मर्यादा २६ ते ३६). त्या दिवशी पूल्ड नॉर्मल प्लाझ्माचा ३१ आला होता.

मिक्सिंग केलं. रुग्णाचा आणि पूल्ड प्लाझ्मा समसमान, लगेच लावला, ३८ सेकंद. ७८ वरून ३८ म्हणजे दुरुस्त झालाच म्हणायचा. रिपोर्टवर 'फॅक्टर कमतरता सुचवते' असं गेलं. वॉर्डात ताज्या गोठवलेल्या प्लाझ्माच्या चार पिशव्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी एपीटीटी ७५. डाग वाढतच आहेत.

कमतरता असेल तर प्लाझ्मा दिल्यावर थोडा तरी खाली यायला हवा होता ना? मिक्सिंग चुकलं, की अर्थ लावताना चुकलं?

रक्तबंबाळ

मिक्सिंगचा नियम सरळ आहे. दुरुस्त झाला तर कमतरता, नाही झाला तर इनहिबिटर. ३८ म्हणजे दुरुस्त. चार पिशव्या कमी पडल्या असतील, एवढंच. चार पिशव्यांत साधारण ८०० ते १००० मिली प्लाझ्मा. फॅक्टर आठ २ टक्के असेल तर तेवढ्याने १५-२० टक्क्यांच्या वर जाणार नाही. फॅक्टर ८ चं कॉन्सन्ट्रेट द्या, उतरेल.

स्कंदशास्त्री

रक्तबंबाळ, तुमचा हिशेब चुकलेला नाही, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो. फॅक्टर आठ २ वरून १५ टक्क्यांवर गेला असता, तर ७८ चा एपीटीटी ५० च्या आसपास यायला हवा होता. तो ७५ वर राहिला. म्हणजे दिलेला फॅक्टर कुठेतरी नाहीसा होतोय. रुग्णाला चढवलेला प्लाझ्मा हीसुद्धा एक मिक्सिंग टेस्टच असते, फक्त ३७ अंशांवर, शरीराच्या आत आणि तासन्‌तास चाललेली. आणि त्या मिक्सिंगमध्ये दुरुस्ती झालेली नाही.

घोडं पेंड खातं ते 'लगेच' या शब्दावर. फॅक्टर आठविरुद्धची अँटिबॉडी सावकाश काम करते. दोन प्लाझ्मा मिसळून तुम्ही लगेच टेस्ट लावली, तर अँटिबॉडीला मिळतात पाच-सात मिनिटं. तेवढ्या वेळात पूल्ड प्लाझ्मामधून आलेला फॅक्टर आठ बराचसा शाबूत असतो. मिश्रणात तो ५० टक्के होता, समजा ३५ उरला. एपीटीटी नॉर्मलजवळ आणायला ३०-४० टक्के बहुतेक रिएजंटना पुरतात. म्हणून तुमचा ३८ आला. दोन तासांनी तेच मिश्रण लावलंत तर चित्र वेगळं असेल, असा माझा अंदाज आहे.

धाग्याचं उत्तर: हो, असू शकतो. फॅक्टर आठच्या इनहिबिटरमध्ये तर ही नेहमीचीच गोष्ट. इन्क्युबेशन केल्याशिवाय 'दुरुस्त झाला' हे वाक्य अर्धंच आहे. उलट बाजूही सांगून ठेवतो, इनहिबिटर खूप जोरदार असेल तर लगेचच्या मिश्रणातही दुरुस्ती होत नाही. तेव्हा निदान सोपं जातं.

वॉर्डवाली

एक शंका. एपीटीटी लावतानाच ३७ अंशांवर इन्क्युबेशन असतं ना? मशीन स्वतःच करतं. मग परत वेगळं कशाला?

स्कंदशास्त्री

ते इन्क्युबेशन वेगळ्या कामाचं. ०.१ मिली प्लाझ्मा, त्यात ०.१ मिली रिएजंट, ३७ अंशांवर ३ ते ५ मिनिटं (रिएजंटप्रमाणे), मग ०.०२५ मोलर कॅल्शियम क्लोराइड ०.१ मिली, आणि तिथून घड्याळ सुरू. त्या ३ ते ५ मिनिटांत सिलिका, केओलिन किंवा एलॅजिक ॲसिड, जे काही असेल ते, फॅक्टर बाराला जागं करतं. अँटिबॉडीला फॅक्टर आठ खायला एवढा वेळ पुरत नाही.

आपण बोलतोय ते टेस्टच्या आधीचं. नुसतं मिश्रण, रिएजंट न घालता, ३७ अंशांवर दोन तास. त्यानंतर त्यातून ०.१ मिली घेऊन नेहमीसारखा एपीटीटी.

हिपॅरिनभूत

सगळे इनहिबिटरच्या मागे लागलेत, पण सॅम्पल कुठून घेतलं हे कोणी विचारलं का? आमच्याकडे गेल्या महिन्यात एपीटीटी ११० आलेलं सॅम्पल होतं, मिक्सिंगमध्ये तसूभर हललं नाही, सगळे ल्युपस ल्युपस करत बसले. शेवटी सेंट्रल लाइनमधून घेतलेलं निघालं. लाइन हिपॅरिनने धुतलेली. हातातून परत घेतलं, २९. साप म्हणून भुई धोपटली.

निळी_टोपी

हातातून घेतलंय, सरळ शिरेतून. हिपॅरिन नाही, कुठलंच रक्त पातळ करणारं औषध नाही, घरून आणलेल्या औषधांच्या चिठ्ठ्याही पाहिल्या. थ्रॉम्बिन टाइम १५ सेकंद, कंट्रोलही १५.

स्कंदशास्त्री

हिपॅरिनभूत यांचा मुद्दा या केसला लागू होत नाही, पण क्रमाने तोच पहिला येतो. थ्रॉम्बिन टाइम नॉर्मल आला की हिपॅरिन आणि डाबिगाट्रान दोन्ही बाद. थ्रॉम्बिन टाइम खूप लांबलेला आणि रेप्टिलेज टाइम नॉर्मल असेल तर या दोघांपैकी एक. मात्र रिव्हारॉक्साबान, ॲपिक्साबान थ्रॉम्बिन टाइमला हात लावत नाहीत आणि मिक्सिंगमध्ये इनहिबिटरसारखी दिसतात. तिथे औषधांची यादीच कामाला येते. ती पाहिलीत हे बरं केलंत.

ट्यूब नीट भरली होती का? ३.२ टक्के सायट्रेट, नऊ भाग रक्ताला एक भाग. ट्यूब अर्धी भरली की सायट्रेट जास्त होतो, कॅल्शियम कमी पडतं आणि एपीटीटी खोटा लांबतो. हिमॅटोक्रिट ५५ च्या वर असेल तरी तेच, कारण प्लाझ्माच कमी असतो.

निळी_टोपी

ट्यूब रेषेपर्यंत भरलेली. हिमॅटोक्रिट ३१, रक्त स्नायूत साठल्यामुळे उतरलाय. १५०० जी वर १५ मिनिटं फिरवून दोन तासांच्या आत लावलं. इन्क्युबेशन आम्ही आजवर कधी केलेलं नाही. नेमकं कसं लावायचं, नळ्या कशा, सांगाल का?

स्कंदशास्त्री

सांगतो. हे कागदावर सोपं वाटतं आणि कंट्रोल नळी विसरली की सगळं वाया जातं.

प्लास्टिकच्या, टोपण बसणाऱ्या चार नळ्या. पहिलीत रुग्णाचा प्लाझ्मा ०.६ मिली. दुसरीत पूल्ड प्लाझ्मा ०.६ मिली. तिसरीत दोन्ही ०.३ - ०.३ मिली, हलक्या हाताने मिसळून. चौथी रिकामी. पहिल्या तीन टोपणं लावून ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये, दोन तास. बाथमध्ये खरोखर ३७ आहे का ते थर्मामीटरने बघा, डिस्प्लेवर भरवसा नको.

दोन तास झाले की पहिलीतून ०.३ आणि दुसरीतून ०.३ घेऊन चौथीत मिसळायचं आणि ताबडतोब चारही नळ्यांचा एपीटीटी, प्रत्येकी दोनदा.

सगळा अर्थ तिसरी आणि चौथी यांच्या फरकात आहे. दोन्हीतल्या प्लाझ्माने ३७ अंशांवर दोन तास काढलेले असतात. फरक इतकाच की तिसरीत ते एकत्र होते आणि चौथीत वेगवेगळे. फॅक्टर पाच आणि आठ नाजूक, दोन तासांत ते आपोआपही थोडे कमी होतात आणि कुठल्याही मिश्रणाचा एपीटीटी काही सेकंदांनी वाढतो. चौथी नळी नसेल तर ही आपोआपची वाढ तुम्ही अँटिबॉडीच्या नावावर टाकाल. तिसरी चौथीपेक्षा स्पष्ट लांबली तर एकत्र असताना काहीतरी घडलंय, म्हणजे वेळ घेणारा इनहिबिटर. दोन्ही सारख्याच किंचित वाढल्या तर इनहिबिटरचा पुरावा नाही.

टोपणाचं का म्हणालो? उघड्या नळीतून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि एपीटीटी खोटा लांबतो.

प्लाझ्मा किती लागेल याचा हिशेब आधीच करा. ०.९ मिली इथे, लगेचच्या मिश्रणाला आणि नुसत्या एपीटीटीला आणखी ०.३५ च्या आसपास. एका २.७ मिलीच्या ट्यूबमधून जेमतेम तेवढा निघतो आणि पुढे फॅक्टर मोजायला काहीच उरत नाही. दोन ट्यूब मागवा.

सेंट्रिफ्यूज

पूल्ड प्लाझ्मा कुठला वापरता तेही विचारा हो. बऱ्याच ठिकाणी कंट्रोल किटमधला नॉर्मल कंट्रोल मिसळतात. तो मिक्सिंगसाठी नसतो, त्यात प्रत्येक फॅक्टर शंभराच्या आसपास असेल याची हमी नाही. काही जण टेक्निशियनपैकी एकाचं रक्त घेतात. त्या एकाचा फॅक्टर आठ ६० टक्के असेल तर मिश्रणात ३० येणार आणि साधी कमतरताही इनहिबिटर दिसणार. निदान २० निरोगी माणसांचा तरी पूल हवा.

दुसरं, घरीच पूल करून गोठवणार असाल तर दोनदा फिरवा. मायक्रोलिटरला १०,००० पेक्षा जास्त प्लेटलेट राहिल्या तर गोठवताना त्या फुटतात, त्यांतला फॉस्फोलिपिड बाहेर येतो आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट त्यात बुडून जातो. मिश्रण खोटंच दुरुस्त.

निळी_टोपी

पूल विकतचा, गोठवलेला, मिक्सिंगसाठीचाच आहे. ताजं सॅम्पल घेतलं आणि सांगितल्याप्रमाणे लावलं.

पहिली (रुग्ण, दोन तासांनी) ८४
दुसरी (पूल, दोन तासांनी) ३४
तिसरी (एकत्र ठेवलेलं) ६६
चौथी (वेगळं ठेवून मिसळलेलं) ४०

चौथी ४० आणि तिसरी ६६! २६ सेकंदांचा फरक. म्हणजे पहिला रिपोर्ट चुकला.

रक्तबंबाळ

मान्य, कॉन्सन्ट्रेटचा सल्ला मागे घेतो. पण एक गोष्ट सोडणार नाही. पहिला ३८ सुद्धा 'दुरुस्त' नव्हताच. तुमची वरची मर्यादा ३६ आहे. ३८ मर्यादेच्या बाहेर. तेव्हाच शंका यायला हवी होती.

निळी_टोपी

आम्ही रोझनर इंडेक्स काढतो. मिश्रणातून पूल वजा, भागिले रुग्ण, गुणिले १००. (३८ − ३१) ÷ ७८ × १०० = ९. आमच्याकडे ११ पर्यंत दुरुस्त, १५ च्या वर इनहिबिटर, मधलं अनिर्णित. ९ म्हणजे दुरुस्तच होतं.

सेंट्रिफ्यूज

आम्ही टक्केवारीने काढतो, चँगची पद्धत. रुग्णातून मिश्रण वजा, भागिले रुग्णातून पूल वजा. (७८ − ३८) ÷ (७८ − ३१) = ४० ÷ ४७, म्हणजे ८५ टक्के. समसमान मिश्रणाला ७० च्या वर दुरुस्त धरतात. यातही दुरुस्त. इन्क्युबेशननंतर मात्र (८४ − ६६) ÷ (८४ − ३४) = १८ ÷ ५०, ३६ टक्के. साफ नापास.

स्कंदशास्त्री

इन्क्युबेशननंतरचा रोझनर (६६ − ३४) ÷ ८४, म्हणजे ३८. दोन्ही सूत्रं एकच सांगतात. लक्षात घ्या, दोन तासांनंतरच्या सूत्रात पूलही दोन तासांनंतरचाच, म्हणजे ३४ घालायचा. काही जण सकाळचा ३१ घालतात आणि इंडेक्स फुगवतात.

रक्तबंबाळ यांच्या नॉर्मल मर्यादेच्या निकषावर माझं मत थोडं वेगळं आहे. तो निकष कडक आहे, इनहिबिटर क्वचितच निसटू देतो. पण साध्या कमतरतेलाही तो इनहिबिटर ठरवतो, विशेषतः एकापेक्षा जास्त फॅक्टर कमी असतील तेव्हा, जसं यकृताच्या आजारात. रोझनरची गोची उलटी आहे. भागाकारात खाली रुग्णाचा आकडा असल्यामुळे एपीटीटी जितका लांब, तितका इंडेक्स लहान दिसतो. ७८ च्या ऐवजी ५० असता तर तेच ७ सेकंद १४ टक्के झाले असते आणि तुम्ही अनिर्णित म्हणाला असता.

कुठलंही सूत्र घ्या, पण मर्यादा स्वतःच्या रिएजंटवर, स्वतःच्या मशीनवर ठरवलेली हवी. छापील ११ आणि १५ आंधळेपणाने उचलू नयेत.

शंकेखोर

माफ करा, मी लॅबवाला नाही. बहिणीचा ऑपरेशनआधीचा एपीटीटी ३९ आलाय, मर्यादा ३६. तिला कधीच रक्तस्राव झालेला नाही, दोन बाळंतपणं झाली, दातही काढलेत. तिलाही हा इनहिबिटर असेल का? मिक्सिंग करून घेऊ?

वॉर्डवाली

शंकेखोर, ती वेगळी गोष्ट आहे. दोन बाळंतपणं आणि दात काढणं रक्तस्रावाशिवाय पार पडलं, ही कुठल्याही टेस्टपेक्षा मोठी साक्ष. आधी ताज्या सॅम्पलवर परत करा. पुन्हा लांब आला तर तिच्या डॉक्टरांशी बोला. फॅक्टर बारा कमी असेल तर एपीटीटी लांबतो आणि रक्तस्राव अजिबात होत नाही. ल्युपस अँटिकोॲग्युलंटमध्येही सहसा नाही होत.

स्कंदशास्त्री

आणि ३९ वर मिक्सिंग करून फारसं हाती लागत नाही. ३९ आणि ३१ मिसळल्यावर मधला ३५ येणार आणि तो 'दुरुस्त' दिसणार, कारण काहीही असो. फरकाला जागाच नाही. म्हणून सौम्य लांबलेल्या एपीटीटीत ल्युपसचा संशय असेल तर काही जण रुग्णाचे चार भाग आणि पूलचा एक असं मिसळतात. कमजोर अँटिबॉडी त्यात पातळ होत नाही.

हिपॅरिनभूत

मूळ केसवर येतो. मिश्रण दुरुस्त नाही म्हणजे ल्युपसही असू शकतोच की. इनहिबिटर म्हटलं की फॅक्टर आठच का?

स्कंदशास्त्री

तीन गोष्टी त्याच्या विरुद्ध आहेत. ल्युपस बहुधा लगेचच्या मिश्रणातच दिसतो, कारण तो रिएजंटमधल्या फॉस्फोलिपिडवर बसतो, त्याला वेळ लागत नाही. काही ल्युपस वेळ घेतात हे खरं, म्हणून नुसत्या या मुद्द्यावर मी पैज लावणार नाही. दुसरं, ल्युपसमध्ये गुठळ्या होतात. तळहाताएवढे डाग पडतात ते जवळजवळ फक्त प्रोथ्रॉम्बिनही कमी झालं असेल तरच, आणि मग पीटी लांबतो. इथे १२.६ आहे. तिसरं, ६८ वर्षं वय, कातडीखाली आणि स्नायूत रक्तस्राव, सांध्यात नाही, आधीचा इतिहास नाही. संपादित हिमोफिलिया ए चं हे नेहमीचं रूप. म्हाताऱ्यांत आणि बाळंतपणानंतरच्या बायकांत. साधारण निम्म्या रुग्णांत मागे काहीच कारण सापडत नाही.

पण तर्क पुरे, फॅक्टर मोजा. आठ, नऊ, अकरा, बारा, चारही. आणि प्रत्येक तीन पातळ्यांवर, १:१०, १:२०, १:४०. एकाच डायल्यूशनवर मोजलंत तर फसाल.

निळी_टोपी

फॅक्टर बाहेर पाठवले होते, आज आले. गोंधळलोय. आठ: २ टक्के, तिन्ही पातळ्यांवर २ किंवा त्याखाली. पण नऊ: १:१० वर ६२, १:२० वर ८१, १:४० वर ९७. अकराही तसाच चढत गेला, ५८ पासून ९२. बारा नॉर्मल. नऊ आणि अकराही कमी आहेत का? आणि चढतात का?

स्कंदशास्त्री

नाही, ते नॉर्मल आहेत. या टेस्टची गंमत बघा. फॅक्टर नऊ मोजताना रुग्णाचा पातळ केलेला प्लाझ्मा नऊ नसलेल्या प्लाझ्मात मिसळतो. त्या प्लाझ्मात आठ भरपूर असतो. रुग्णाची अँटिबॉडी तिथलाही आठ थोडा खाते, गुठळी उशिरा होते आणि मशीनला वाटतं नऊ कमी आहे. पातळ करत गेलात की अँटिबॉडी विरळ होते आणि खरा आकडा वर येतो. म्हणून ९७ च्या जवळचा आकडा खरा. आठ मात्र कितीही पातळ केला तरी चढत नाही, कारण तो मुळातच नाही.

ल्युपस असता तर आठसकट सगळेच पातळ करताना चढले असते. हिपॅरिनभूत, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या तीन आकड्यांत होतं, माझ्या वरच्या तर्कात नव्हे.

सेंट्रिफ्यूज

बेथेस्डा केलं का? आता टायटर हवा.

निळी_टोपी

केलं, त्याच लॅबने. न पातळ करता उरलेली ॲक्टिव्हिटी १० टक्के, म्हणजे ३.३ युनिट. १:१० वर उरलेली ४८ टक्के, तिथून १०.६ युनिट. रिपोर्टवर १०.६ दिलाय. एकाच सॅम्पलचे दोन आकडे, तिप्पट फरक. कुठला धरायचा?

स्कंदशास्त्री

एक बेथेस्डा युनिट म्हणजे दोन तासांत, ३७ अंशांवर, नॉर्मल प्लाझ्मातला अर्धा फॅक्टर आठ निकामी करणारी अँटिबॉडी. त्यामुळे उरलेली ॲक्टिव्हिटी ५० टक्क्यांच्या जवळ येते त्या डायल्यूशनवर वाचायचं. ४८ हा त्याला अगदी चिकटून आहे. ०.४८ वरून १.०६, गुणिले १०, म्हणजे १०.६. लॅबने बरोबर केलंय.

जन्मजात हिमोफिलियाच्या इनहिबिटरमध्ये दोन्ही आकडे बरेचसे जुळले असते. संपादितमध्ये अँटिबॉडी कितीही असली तरी थोडा आठ शिल्लक राहतो, म्हणून न पातळ केलेल्यात १० टक्के उरला आणि टायटर खोटा कमी दिसला. याच कारणाने संपादितमध्ये टायटर आणि रक्तस्राव यांचं गणित जुळत नाही. ३ युनिटवाला जिवावर बेततो आणि ४० वाला नुसता डागांवर निभावतो.

एक विचारा त्यांना. सॅम्पल प्लाझ्मा चढवल्यानंतरचं होतं. त्यांनी ते ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून, फिरवून मग लावलं का? तसं केलं नसेल तर बाहेरून आलेला आठ हिशेबात गडबड करतो. २ टक्केच असल्यामुळे इथे फार फरक पडणार नाही, पण उपचार सुरू झाल्यावर पडेल.

वॉर्डवाली

मग आता वॉर्डात काय? कॉन्सन्ट्रेट नको हे कळलं.

स्कंदशास्त्री

तो निर्णय रक्तविकार तज्ज्ञांचा, आणि आजच घ्यायचा. चालू रक्तस्राव थांबवायला आठला वळसा घालणारी औषधं आहेत, रिकॉम्बिनंट फॅक्टर सात-ए किंवा ॲक्टिव्हेटेड प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स. डुकराच्या आठवर बेतलेला रिकॉम्बिनंट आठही, मिळत असेल तर. आणि अँटिबॉडी बंद करायला स्टिरॉइड, सोबत बहुधा आणखी एक. तोवर स्नायूत इंजेक्शन नाही, शिरेत उगाच सुया नाहीत, आणि एपीटीटी उतरतोय का हे बघत बसायचं नाही. सात-ए दिल्यावर एपीटीटी थोडा खाली येतो, त्याचा अर्थ रक्तस्राव आटोक्यात आला असा नाही.

रक्तबंबाळ

एक प्रश्न मात्र शिल्लक आहे. प्रत्येक लांब एपीटीटीवर दोन तासांचं इन्क्युबेशन करायचं म्हटलं तर दिवसाला आठ-दहा सॅम्पल आणि चार चार नळ्या. हे जमणार नाही.

सेंट्रिफ्यूज

आम्ही लगेचचं मिश्रण दुरुस्त झालं तरच पुढे जातो. दुरुस्त झालंच नाही तर इनहिबिटर सिद्धच, मग इन्क्युबेशनने काय मिळणार.

स्कंदशास्त्री

मला ते पुरेसं वाटत नाही. दुरुस्त न झालेल्यातही इन्क्युबेशनने आणखी वाढ झाली तर आठकडे बोट जातं, न झाली तर ल्युपसकडे. पण रोजच्या कामात तुम्ही म्हणता ते समजू शकतो. माझा किमान आग्रह एवढाच, रक्तस्रावाचा इतिहास असेल, वय ६० च्या पुढे असेल किंवा नुकतं बाळंतपण झालं असेल, तर लगेचचं मिश्रण काहीही येवो, इन्क्युबेशन कराच.

सेंट्रिफ्यूज

पण फॉर्मवर इतिहास लिहिलेला कुठे असतो? दहातल्या नऊ फॉर्मवर फक्त 'एपीटीटी' एवढंच.

निळी_टोपी

इथेही तसंच होतं. आता पहिला रिपोर्ट दुरुस्त करून पाठवायचाय. 'लगेचच्या मिश्रणात दुरुस्ती, दोन तासांच्या इन्क्युबेशननंतर लक्षणीय वाढ, वेळेनुसार काम करणारा इनहिबिटर सुचवते, फॅक्टर आठ २ टक्के' असं लिहू का?

स्कंदशास्त्री

चारही नळ्यांचे सेकंद शेजारी लिहा. वाचणाऱ्याला तुमच्या निष्कर्षाशी सहमत व्हायचं की नाही ते ठरवता यायला हवं. बेथेस्डा कुठल्या डायल्यूशनवर वाचला तेही.

सेंट्रिफ्यूज

आणि पुढच्या वेळी बाहेर सॅम्पल पाठवाल तेव्हा दोनदा फिरवून, अर्धा-अर्धा मिलीच्या कुप्या करून, उणे ७० ला गोठवून ड्राय आइसमध्ये पाठवा. वितळवताना ३७ अंशांच्या बाथमध्ये पाच मिनिटं, मग सावकाश उलटसुलट करून मिसळायचं. फ्रिजमध्ये ठेवून हळूहळू वितळवलं तर तळाशी पांढरा साका बसतो, फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड त्यातच अडकतात, आणि वरचं पाणी लावलं की धडधाकट माणसाचाही आठ कमी निघतो.

निळी_टोपी

आम्ही फ्रिजमध्येच वितळवतो. पूलसुद्धा. उद्या पूलचा आठ मोजून घेतो.